कोपऱ्यावरचा चार्ज

बारावीला गाऊसचा नियम शिकवताना एक गणित दरवर्षी येतं आणि दरवर्षी घाईघाईनं निघूनही जातं. घनाच्या मध्यभागी बिंदूएवढा q चार्ज आहे, तर त्याच्या एका पृष्ठातून किती फ्लक्स, म्हणजे पृष्ठ ओलांडून जाणाऱ्या विद्युतक्षेत्राचं एकूण माप, जाईल? q/6ε₀. तोच चार्ज घनाच्या कोपऱ्यावर ठेवला तर समोरच्या एका पृष्ठातून? q/24ε₀. प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं ही दोन उत्तरं पाढ्यासारखी म्हणून दाखवतात. यंदा दुसरं उत्तर फळ्यावर लिहून मी हातावरची खडूची भुकटी झटकत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तो चार्ज कोपऱ्यावरून केसभर आत सरकवला तर? मग तो अख्खा आत आला ना? मग फ्लक्सही अख्खा q/ε₀ व्हायला हवा. कोपऱ्यावर असताना अख्ख्या घनातून q/8ε₀ जातो, मग केसभर सरकल्यानं एका आठव्या भागाचा एकदम पूर्ण कसा होईल?" घंटा झाली होती, अर्धा वर्ग दप्तरं आवरत होता. "उद्या बसून नीट बघू," एवढंच तिला म्हणता आलं. घरी येताना एसटीच्या खिडकीशी बसले, तरी तो प्रश्न काही खाली उतरेना. तिनं बोट अगदी नेमक्या जागी ठेवलं होतं. त्या गणिताची जमीन जिथे सगळ्यात पातळ आहे, तिथे.

मध्यभागाचं गणित आधी घेते, कारण कोपऱ्याचं सगळं त्याच्याच पोटात आहे. गाऊसचा नियम एवढंच सांगतो की बंद पृष्ठाच्या आत एकूण q चार्ज असेल तर बाहेर पडणारा एकूण फ्लक्स q/ε₀. कुठल्या पृष्ठाच्या वाट्याला किती, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सहाने भागायचा अधिकार गाऊसनं दिलेला नाही, तो सममितीनं दिला आहे. चार्ज बरोबर मध्यावर असेल तर घन कसाही फिरवून कुठलंही पृष्ठ समोर आणता येतं आणि चित्र होतं तसंच राहतं, म्हणून सहाही वाटे सारखे. पाठ्यपुस्तकात याची एक सुंदर कसरत असते. दहा सेंटीमीटर बाजूचा चौरस आहे, त्याच्या मध्यावर बरोबर पाच सेंटीमीटर उंचीवर १० मायक्रोकूलॉमचा चार्ज आहे, चौरसातून फ्लक्स किती? घनाचा कुठे उल्लेखच नाही. पण चौरसाभोवती मनातल्या मनात घन उभा केला की चार्ज त्याच्या मध्यावर येतो आणि उत्तर एका ओळीत पडतं, सुमारे १.८८ × १०⁵ न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलॉम. पाचऐवजी सहा सेंटीमीटर उंची दिली असती तर ही युक्ती जागच्या जागी मेली असती.

इथेच मुलांच्या मनात एक चुकीचं चित्र घट्ट बसतं. पृष्ठाच्या वाट्याला सहावा भाग आला, म्हणजे तो पृष्ठभर सारखा पसरला आहे, असं त्यांना वाटतं. तसं मुळीच नाही. पृष्ठाचा मध्य चार्जपासून अर्ध्या बाजूवर आहे, पृष्ठाचा कोपरा त्याच्या √३ पट लांब. अंतर √३ पट झालं की विद्युतक्षेत्र तिसऱ्या हिश्श्यावर येतं. शिवाय तिथे ते तिरपं येतं, म्हणून पृष्ठाला काटकोनात असलेला त्याचा भाग आणखी √३ पट कमी. दोन्ही मिळून कोपऱ्याजवळची तीव्रता मध्याच्या जेमतेम १९ टक्के उरते. फ्लक्सची सगळी गर्दी मध्यावर, कडेला विरळ. वाटे सारखे येतात ते सहा पृष्ठांमध्ये, एका पृष्ठाच्या आत नाही.

आणि चार्ज मध्यावरून हलला की सहा पृष्ठांमधलीही ही समानता संपते. एकदा मी मुलांना हे करून बघायला लावलं. चार्ज आतच ठेवा, फक्त खालच्या पृष्ठाकडे सरकवा, इतका की तळापासून त्याची उंची बाजूच्या चौथ्या हिश्श्याएवढी होईल. एकूण फ्लक्स एक कणही बदलत नाही, चार्ज तर आतच आहे. पण खालच्या पृष्ठातून २९.५ टक्के जातो, वरच्यातून जेमतेम १० टक्के आणि उभ्या चार पृष्ठांतून प्रत्येकी १५.१ टक्के. हे आकडे घनकोनातून येतात. चार्जच्या जागी डोळा ठेवला तर ते पृष्ठ चहूबाजूंच्या अवकाशाचा किती भाग व्यापून दिसेल, तेवढाच त्याच्या वाट्याचा फ्लक्स. बिंदूएवढ्या चार्जपुरतं हे तंतोतंत खरं आहे, कारण क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं आणि तेवढ्याच घनकोनातलं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गानं वाढतं. दोघं एकमेकांना बरोबर फेडतात. अंतराचं नाव पुसलं जातं, उरते ती फक्त दिशा.

आता कोपरा.

आमच्या वाड्यामागे एका सुताराचं दुकान होतं. त्याच्याकडून मी एकदा सागवानाचे आठ ठोकळे कापून आणले होते, मुठीत मावतील एवढे, सगळे एकाच मापाचे. अजूनही नाकाशी धरले तर तेलकट, किंचित कडसर वास येतो. चार खाली, चार वर असे रचले की दुप्पट बाजूचा एक मोठा घन होतो आणि त्याच्या बरोबर पोटात आठही ठोकळ्यांचे आठ कोपरे एका बिंदूत भेटतात. कोपऱ्यावरचा चार्ज म्हणजे याच बिंदूवरचा चार्ज. आपण एकाच ठोकळ्याकडे बघत असतो म्हणून तो कोपऱ्यावर आहे असं वाटतं, आठही बघितले तर तो मध्यावरच आहे. मोठ्या घनाच्या सहा पृष्ठांतून प्रत्येकी q/6ε₀ जातो. प्रत्येक मोठं पृष्ठ चार लहान पृष्ठांचं बनलं आहे आणि ती चारही सारखी, म्हणून लहान पृष्ठाच्या वाट्याला q/24ε₀. एका ठोकळ्याची अशी तीनच पृष्ठं बाहेर दिसतात, कोपऱ्याच्या समोरची. तीन चोविसांश म्हणजे आठवा भाग. हिशेब जुळला.

उरलेली तीन पृष्ठं, जी त्या बिंदूतच एकमेकांना भेटतात, त्यांच्यातून शून्य. इथे मुलं हमखास घसरतात. एकूण आठवा भाग ना, मग सहा पृष्ठांत वाटा, उत्तर q/48ε₀. परीक्षेच्या पर्यायांत हे उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं आणि सापळा चांगला लागतो. त्यांना मी वर्गाच्या कोपऱ्यात उभं करते, तेही खाली बसवून, गाल भिंतीला अगदी टेकवून. फरशी, डावी भिंत, उजवी भिंत जिथे मिळतात तिथे डोळा नेला की डावी भिंत दिसत नाही. तिचा रंग, तिच्यावरचे पोपडे, कोणीतरी कर्कटकानं कोरलेलं नाव, सगळं एका रेषेत मिटून जातं. फरशीचंही तेच. दिसतात ती समोरची भिंत, पलीकडची भिंत आणि छत. डोळ्यातून निघालेली कुठलीही सरळ रेषा गालाला टेकलेल्या भिंतीला घासत जाईल, तिला भोसकून आरपार जाणार नाही. कोपऱ्यावरच्या चार्जच्या क्षेत्ररेषाही तशाच, त्या तीन पृष्ठांच्या प्रतलात सरपटतात, म्हणून फ्लक्स शून्य. आमचा वर्ग घनाकृती नाही, लांबट आहे, त्यामुळे समोरच्या तिघांचे वाटे सारखे होणार नाहीत, पण गालाजवळच्या तिघांचं शून्य मात्र कुठल्याही आयताकृती खोलीत शून्यच राहतं.

सममितीवर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी सरळ इंटिग्रेशन करूनही दाखवता येतं. कोपऱ्यापासून a अंतरावरचं a बाजूचं समोरचं पृष्ठ घेतलं तर त्याचा घनकोन arctan(1/√3) इतका निघतो, म्हणजे बरोबर π/6. पूर्ण गोलाचा घनकोन 4π, त्याचा हा चोविसावा भाग. मध्यभागाचं पृष्ठ केलं तर तोच arctan(1/√3) चार वेळा येतो आणि सहावा भाग मिळतो. दोन वेगळी वाटणारी गणितं आतून एकच आहेत, हे त्या एका तीस अंशाच्या कोनात मला फार लख्ख दिसतं. दोनदा इंटिग्रेट करून, वर्गमुळांच्या जंगलातून बाहेर पडून शेवटी शाळेतला तीस अंशाचा कोन हाती लागतो, तेव्हा अजूनही आनंद होतो.

पण त्या मुलीचा प्रश्न यातल्या कशानंच सुटत नाही. गाऊसनं १८१३ सालच्या आपल्या निबंधात बिंदू पृष्ठाच्या आत असेल तर काय आणि बाहेर असेल तर काय, हे मांडलं आहे. कोपऱ्यावरचा बिंदू आत आहे की बाहेर? शेताच्या बांधावर आंब्याचं झाड उगवलं की आंबे कोणाचे यावरून भाऊबंदकी पेटते, तसंच इथे आठ घनांच्या सामाईक बांधावर हा चार्ज बसला आहे. ज्या पृष्ठावर नियम लावायचा त्याच पृष्ठावर तो आहे आणि तिथे क्षेत्र अनंत होतं, त्यामुळे एका घनापुरता गाऊसचा नियम तसाच्या तसा लावताच येत नाही. आठवा भाग हे त्या नियमाचं उत्तर नाही, आठ घनांच्या समान वाटणीचं आहे. पुस्तकं हे सांगत नाहीत, उत्तर देऊन मोकळी होतात. मला हे खटकतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी प्रयोगशाळेत बसलो, ठोकळे घेऊन. सागवान वापरून वापरून बोथटलं होतं, आठ कोपरे भेटतात तिथे बारीकशी पोकळी तयार झाली होती. वरचा थर उचलून तिनं तिथे मोहरीचा एक दाणा ठेवला आणि चार ठोकळे अलगद पुन्हा रचले. "आता बिंदू विसर," मी म्हटलं. "चार्ज या दाण्याएवढा आहे, गोल आहे, आतून सगळीकडे सारखा भरलेला आहे आणि कोपरे पुन्हा टोकदार आहेत असं धर. एका ठोकळ्यात दाण्याचा किती भाग?" आठवा. आता काहीच संदिग्ध उरत नाही. क्षेत्र कुठेही अनंत नाही, ठोकळ्याच्या आत खरोखर q/8 चार्ज आहे आणि गाऊसचा नियम बिनतक्रार लागतो, एकूण q/8ε₀. जवळची तीन पृष्ठं दाण्याला बरोबर मध्यातून कापतात आणि गोलाचं क्षेत्र गोलाच्या आतही मध्यापासून सरळ बाहेर जाणारंच असतं, म्हणून त्यांचं शून्य दाण्याच्या पोटातसुद्धा शून्यच राहतं. सगळा आठवा भाग समोरच्या तिघांतून जातो. दाणा कितीही लहान करत गेलो तरी हे बदलत नाही. बिंदू चार्जचं उत्तर आपण याच अर्थानं खरं मानतो. दाणा एका अंगाला जड असता, चार्ज त्यात एकसारखा भरलेला नसता, तर आठवा भाग मिळाला नसता, हेही तिच्या लगेच लक्षात आलं.

मग तिनं दाणा केसभर आत सरकवला. म्हणजे मनात सरकवला, ठोकळ्यात कसला सरकतोय. कर्णाच्या दिशेनं, अख्खा दाणा आत जाईल एवढाच. एकूण फ्लक्स q/ε₀ झाला, तिचं म्हणणं खरंच होतं. पण तो जातो कुठून? मी तिला समोरच्या पृष्ठांकडे बघायला सांगितलं. ती दाण्यापासून लांब आहेत, दाणा केसभर हलल्यानं तिथून दिसणारी दिशा जवळजवळ तीच राहते, म्हणून त्यांचा वाटा अजूनही प्रत्येकी एक चोविसांशच. त्यांना काही घडल्याचा पत्तासुद्धा नाही. राहिलेले सात अष्टमांश जवळच्या तीन पृष्ठांतून जातात, प्रत्येकी सात चोविसांश. काल जी शून्य होती ती! दाणा आत आला की ती पृष्ठं त्याला आता कडेवरून दिसत नाहीत, अगदी नाकासमोर येतात. अवकाशाच्या आठ भागांपैकी एक समोरच्या तिघांच्या वाट्याला, उरलेले सात या तिघांच्या.

"आणि बाहेर सरकवला तर?" हे मी विचारायच्या आधीच तिनं करायला घेतलं. वहीत बराच वेळ पेन्सिल फिरली. आत चार्ज नाही, म्हणून एकूण शून्य. समोरच्या तिघांतून पुन्हा प्रत्येकी एक चोविसांश बाहेर. मग जवळच्या तिघांतून प्रत्येकी एक चोविसांश आत यायला हवा, म्हणजे उणे. ती थांबली आणि म्हणाली, "आत सात, बरोबर कोपऱ्यावर शून्य, बाहेर उणे एक. म्हणजे मधलं उत्तर दोन्हींची सरासरीसुद्धा नाहीये." नाहीच. सात आणि उणे एक यांची सरासरी तीन. पृष्ठाच्या मधोमध चार्ज ठेवून आत-बाहेर केला तर अधिक अर्धा आणि उणा अर्धा येतात, पृष्ठावर नेमका असताना शून्य, तिथे सरासरी जुळते. कोपऱ्यावर जुळत नाही, कारण कोपऱ्यातून हलायला खूप दिशा आहेत आणि आम्ही त्यातल्या एकाच कर्णावर हललो होतो. कडेच्या रेषेवरून सरकवला तर दाण्याचा चौथा भाग आत येतो, पृष्ठाच्या प्रतलातून सरकवला तर अर्धा. एकाच बिंदूजवळ आठवा, चौथा, अर्धा, पूर्ण आणि शून्य असे सगळे वाटे टपून बसलेले असतात.

केसभरानं एवढी उडी कशी, हा तिचा मूळ प्रश्न होता. उडी आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. पण ती बिंदूची उडी आहे. दाण्याला आकार असेल तर तो सरकताना हळूहळू आत येतो आणि फ्लक्सही हळूहळू आठव्या भागावरून पूर्णावर चढतो, दाण्याच्या रुंदीएवढ्या प्रवासात. दाणा जितका लहान तितकी ती चढण उभी. बिंदू म्हणजे रुंदीच नाही, म्हणून चढणीची भिंत होते. आणि ही भिंत फक्त जवळच्या तीन पृष्ठांवर आहे, समोरच्या तिघांचं एक चोविसांश शांतपणे, न तुटता बदलतं. परीक्षेत समोरच्या पृष्ठाबद्दल विचारलं तर उत्तराला कसलाच धोका नाही. घनातून एकूण किती असं विचारलं तर मात्र चार्ज नेमका कोपऱ्यावर आहे, हे शब्द जीव मुठीत धरून पाळावे लागतात.

घंटेला थोडा वेळ होता, म्हणून मी तिला एक शेवटचं दिलं. चार्ज कडेच्या बरोबर मध्यावर ठेव. तिनं ताबडतोब चार ठोकळे कडेभोवती रचले. घनातून एकूण चौथा भाग, कडेला टेकलेल्या दोन पृष्ठांतून शून्य, उरली चार. "म्हणून प्रत्येकी सोळावा," असं म्हणता म्हणता तिनं हात आवरला आणि ठोकळ्यांकडे पुन्हा बघितलं. ती चार पृष्ठं सारखी नाहीत. दोन कडेच्या टोकांना आहेत, चार्जपासून अर्ध्या बाजूवर, आणि दोन समोर आहेत, पूर्ण बाजूवर. इथे सममिती एकूण चौथा भाग देऊन थांबते, पुढचं आपल्याला करावं लागतं. आम्ही केलं. समोरच्या प्रत्येक पृष्ठाला ५.१ टक्के, टोकाच्या प्रत्येकाला ७.४ टक्के, चौघांची बेरीज पंचवीस. टोकाच्या पृष्ठाचा घनकोन लिहिताना arctan(4/3) आला आणि तिनं मागची पानं उलटून चौथ्या हिश्श्याच्या उंचीवरचं ते जुनं गणित काढलं. तिथेही हाच कोन होता, चार वेळा. टोकाची चार पृष्ठं जोडून दुप्पट बाजूचा चौरस होतो आणि चार्ज त्याच्यापासून त्याच्याच बाजूच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. २९.५ ला चारनं भागून तिनं वहीत ७.४ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.